लाँगलीच्या सोळा ओळी आणि जीएनपीचे उणे चिन्ह

पदव्युत्तर वर्गाच्या प्रात्यक्षिकासाठी बहुसंरेखतेचे, म्हणजे मल्टिकोलिनिॲरिटीचे, जिथे स्वतंत्र चल एकमेकांशीच घट्ट बांधलेले असतात, उदाहरण निवडताना बनावट आकडे वापरायचे नाहीत, असे मी ठरवले होते. संगणकावर तयार केलेल्या आकड्यांत खरे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असते आणि त्यामुळे ते शोधताना जी घालमेल व्हायला हवी ती होतच नाही. म्हणून मी लाँगलीची सामग्री घेतली. अमेरिकेतील रोजगाराचे १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांचे हे आकडे जे. डब्ल्यू. लाँगली यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळातील संगणक प्रोग्रॅम समाश्रयणाचे, म्हणजे रिग्रेशनचे, गणित किती अचूक करतात हे तपासणे हा त्यांचा हेतू होता आणि अनेक प्रोग्रॅमची उत्तरे पहिल्या काही अंकांनंतर चुकत होती. ती अडचण आता राहिलेली नाही, कारण आर ही प्रणाली हेच गणित अगदी अचूक करते. आकड्यांची मूळ अडचण मात्र जशीच्या तशी आहे आणि मला वर्गापुढे तीच ठेवायची होती.

या सामग्रीत नोकरीत असलेल्या लोकांची संख्या हा अवलंबी चल आहे आणि स्वतंत्र चल सहा आहेत: जीएनपीचा डिफ्लेटर म्हणजे किमतींचा निर्देशांक, जीएनपी म्हणजे एकूण राष्ट्रीय उत्पादन, बेकारांची संख्या, सैन्यातील माणसे, चौदा वर्षे व त्यावरील लोकसंख्या आणि वर्ष. आरमध्ये ही सामग्री मुळातच असते, त्यामुळे काम दोन ओळींत सुरू होते.

```r
m <- lm(Employed ~ ., data = longley)
summary(m)
```

निष्कर्षाच्या तळाशी R² ०.९९५५ दिसतो. सोळा वर्षांतील रोजगाराच्या चढउताराचा जवळजवळ सगळा हिशेब लागला, असे त्यावरून वाटते. पण वरच्या तक्त्यात जीएनपीचा गुणांक उणे ०.०३५८ आहे. रोजगार दशलक्षांत आणि जीएनपी अब्ज डॉलरमध्ये असल्यामुळे त्याचा शब्दशः अर्थ असा होतो की राष्ट्रीय उत्पन्न एक अब्ज डॉलरने वाढले तर सुमारे ३५,८०० लोकांच्या नोकऱ्या कमी होतात. एकट्या जीएनपीवर रोजगाराचे समाश्रयण केले तेव्हा मात्र गुणांक अधिक ०.०३४८ आला, म्हणजे आकार जवळजवळ तेवढाच आणि चिन्ह नेमके उलटे. शिवाय पूर्ण प्रतिमानात या गुणांकाची प्रमाण त्रुटी ०.०३३५ आहे, म्हणजे गुणांकाएवढीच, तर एकट्या जीएनपीच्या प्रतिमानात ती फक्त ०.००१७ होती. दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी लिहिले आणि काही वेळ कोणतेही स्पष्टीकरण न देता तसेच राहू दिले.

वर्षाच्या गुणांकाकडे पाहिल्यावर गोष्ट अधिक उघड होते. पूर्ण प्रतिमानात तो १.८२९ आहे, म्हणजे दर वर्षी १८ लाख २९ हजार नोकऱ्यांची वाढ. प्रत्यक्षात १९४७ मध्ये नोकरीत असलेले लोक ६ कोटी ३ लाख होते आणि १९६२ मध्ये ७ कोटी साडेपाच लाख, म्हणजे पंधरा वर्षांत सरासरी वाढ वर्षाला सुमारे ६ लाख ८२ हजार. मग १८ लाख कुठून आले? बहुचल समाश्रयणातील प्रत्येक गुणांक 'बाकीचे सर्व चल आहेत तिथेच ठेवले तर' या अटीवर वाचायचा असतो. इथे त्या अटीचा अर्थ असा होतो की वर्ष एकाने पुढे जावे, पण जीएनपी, किमती आणि लोकसंख्या यांपैकी काहीही हलू नये. त्या सोळा वर्षांत असे एकही वर्ष नाही. जी परिस्थिती आकड्यांत कधी आलीच नाही तिच्याबद्दल आपण प्रतिमानाला विचारत आहोत. ते उत्तर देते, पण ते उत्तर फार थोड्या, जवळजवळ योगायोगाने उरलेल्या फरकांवर उभे असते.

पुढची पायरी म्हणून मी आधी सहसंबंधांचा तक्ता काढायला लावला, कारण बहुतेक जण तिथेच थांबतात. जीएनपी आणि वर्ष यांचा सहसंबंध ०.९९५, जीएनपी आणि लोकसंख्या यांचा ०.९९१, डिफ्लेटर आणि जीएनपी यांचा ०.९९२. वाढत्या अर्थव्यवस्थेत या चारही गोष्टी काळाबरोबर वरच चढत होत्या, त्यामुळे यात आश्चर्य नव्हते. बेकारांच्या संख्येचा सर्वांत मोठा सहसंबंध लोकसंख्येशी होता आणि तोही फक्त ०.६९. एवढ्या तक्त्यावरून कोणीही म्हणेल की अडचण चार चलांपुरती आहे आणि बेकारी व सैन्य हे दोन चल त्यातून सुटलेले आहेत. त्यानंतर व्हीआयएफ, म्हणजे व्हेरिअन्स इन्फ्लेशन फॅक्टर, काढले; इतर चलांशी असलेल्या नात्यामुळे गुणांकाचे प्रचरण, म्हणजे व्हेरिअन्स, किती पटींनी फुगते ते हा आकडा सांगतो.

```r
library(car)
vif(m)
```

जीएनपी १७८८.५, वर्ष ७५९.०, लोकसंख्या ३९९.२, डिफ्लेटर १३५.५, बेकारी ३३.६ आणि सैन्य ३.६. सर्वांचे लक्ष १७८८ वर गेले, पण मला या सहा आकड्यांत बेकारीचा ३३.६ हाच सर्वांत शिकवणारा वाटतो.

व्हीआयएफ काढण्याची रीत साधी आहे. ज्या चलाचा व्हीआयएफ हवा त्याला अवलंबी मानून उरलेल्या सर्व स्वतंत्र चलांवर त्याचे समाश्रयण करायचे, त्यातून येणारा R² एकातून वजा करायचा आणि जे उरते त्याने एकाला भागायचे. रोजगाराचा, म्हणजे मूळ अवलंबी चलाचा, या हिशेबात कुठेही संबंध येत नाही. बेकारीचा फक्त लोकसंख्येशी असलेला ०.६९ चा सहसंबंध धरला तर व्हीआयएफ दोनच्याही आत राहतो. तो ३३.६ येतो याचा अर्थ उरलेले पाच चल मिळून बेकारीतील सुमारे ९७ टक्के फरक सांगू शकतात, जरी त्यांपैकी कोणीही एकटा ते करू शकत नाही.

हे कसे घडते ते मूळ आकडे पाहिले की कळते. १९४८ मध्ये जीएनपी २५९.४ अब्ज होता, १९४९ मध्ये तो २५८.१ वर आला आणि त्याच वर्षी बेकारांची संख्या २३ लाखांवरून जवळजवळ ३७ लाखांवर गेली. १९५४ मध्ये जीएनपी ३६५.४ वरून ३६३.१ झाला आणि बेकार १८ लाख ७० हजारांवरून ३५ लाख ७८ हजार झाले. १९५८ मध्ये जीएनपी जेमतेम पावणेदोन अब्जांनी वाढला आणि बेकार २९ लाखांवरून ४७ लाखांवर पोहोचले. म्हणजे बेकारी जीएनपीच्या पातळीबरोबर चालत नाही. जीएनपी आपल्या नेहमीच्या चढणीपेक्षा किती मागे पडला त्याबरोबर ती चालते. ती चढण वर्ष आणि लोकसंख्या या चलांत आहे आणि मागे पडणे जीएनपीत. त्यांना एकत्र घेतले की बेकारीचा अंदाज बांधता येतो. दोन-दोन चलांच्या जोड्या तपासून हे नाते सापडणारच नाही, आणि व्हीआयएफ काढण्याचे खरे कारण माझ्या मते हेच आहे. सैन्याचा व्हीआयएफ लहान राहिला याचेही कारण इतिहासात आहे. कोरियाच्या युद्धामुळे १९५० मध्ये साडेसोळा लाख असलेले सैन्य १९५२ मध्ये ३५ लाख ९४ हजार झाले आणि मग हळूहळू उतरले. अर्थव्यवस्थेच्या चढणीशी त्या उंचवट्याचा फारसा मेळ नव्हता.

व्हीआयएफ हा आकडा नेमका कशाला गुणतो हे हाताने केल्याशिवाय मनात बसत नाही, म्हणून वर्षाचा चल घेऊन आम्ही तो हिशेब कागदावर केला. गुणांकाची प्रमाण त्रुटी अशी मांडता येते:

```
SE(b) = s / sqrt(SS) * sqrt(VIF)
```

इथे s म्हणजे प्रतिमानाची अवशिष्ट प्रमाण त्रुटी, जी पूर्ण प्रतिमानात ०.३०४९ आहे, आणि SS म्हणजे त्या चलाच्या सरासरीपासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज. लागोपाठच्या सोळा वर्षांसाठी ही बेरीज ३४० येते आणि तिचे वर्गमूळ १८.४४. भागाकार ०.०१६५ आला. वर्षाचा बाकी चलांशी काहीच संबंध नसता तर प्रमाण त्रुटी एवढीच राहिली असती. ७५९ चे वर्गमूळ २७.५५, त्याने गुणल्यावर ०.४५५५ मिळाले आणि आरच्या तक्त्यात नेमका हाच आकडा छापलेला आहे. व्हीआयएफ प्रचरणाला गुणतो, त्यामुळे प्रमाण त्रुटी त्याच्या वर्गमूळाने फुगते. जीएनपीच्या बाबतीत ही फुगवण ४२ पटींहून थोडी अधिक आहे.

याच सूत्रात त्याची मर्यादाही दिसते. प्रमाण त्रुटी तीन गोष्टींवर ठरते आणि व्हीआयएफ ही त्यांपैकी एकच गोष्ट. वर्षाचा व्हीआयएफ ७५९ असूनही त्याचे टी-मूल्य ४.०२ आहे आणि बेकारीचे उणे ४.१४, दोन्ही नेहमीच्या कसोटीवर ठळकपणे उतरतात. 'व्हीआयएफ दहाच्या वर गेला म्हणजे गुणांक निरर्थक' असा जो नियम सांगितला जातो, तो या तक्त्यावर टिकत नाही. काही जण दहाऐवजी पाच ही मर्यादा धरतात. अशा ठोकळ मर्यादांबद्दल ओब्रायन यांनी २००७ मध्ये सविस्तर इशारा दिला होता की अवशिष्ट त्रुटी लहान असेल किंवा नमुना मोठा असेल तर मोठा व्हीआयएफही सहन होतो. तो इशारा मला पूर्णपणे पटतो. व्हीआयएफ हे निदान आहे. त्यावरून काय करायचे हे विचारलेल्या प्रश्नावर ठरायला हवे.

गुणांक किती डळमळीत आहेत हे पाहण्याचा सर्वांत थेट मार्ग म्हणजे एखादी ओळ काढून प्रतिमान पुन्हा बसवणे. त्यासाठी आम्ही वर्ष, डिफ्लेटर, जीएनपी आणि सैन्य हे चारच चल घेतले. १९६१ पर्यंतच्या पंधरा वर्षांवर डिफ्लेटरचा गुणांक उणे ०.१८१ आला, आणि १९६२ ची एकच ओळ जोडल्यावर तो उणे ०.०२० झाला. एका वर्षाच्या भरीने गुणांक नऊ पटींनी आकसला. वर्षाचा गुणांक उणे ०.७२२ वरून उणे ०.५७६ वर आला, आणि लक्षात घ्या, सहा चलांच्या प्रतिमानात हाच गुणांक अधिक १.८२९ होता. बीटन, रुबिन आणि बॅरोन यांनी १९७६ मध्ये याच सामग्रीच्या आकड्यांत, ते छापताना शेवटच्या अंकाशी जेवढी काटछाट होते तेवढाच, यादृच्छिक फेरफार करून दाखवले होते की त्यानेही गुणांक दूरवर भटकतात. म्हणजे आकडे ज्या अचूकतेने मोजले गेले तिलाच हे गुणांक पेलत नाहीत.

आता उपायांकडे. वर्गातून पहिली सूचना आली ती चलांतून सरासरी वजा करण्याची, आणि ती तपासून पाहणे आवश्यक होते. पूर्ण प्रतिमानातील स्थिरांक उणे ३,४८२ आहे, म्हणजे वर्ष शून्य, जीएनपी शून्य आणि लोकसंख्या शून्य असताना उणे ३४८ कोटी लोक नोकरीत. सरासरी वजा केली की हा स्थिरांक सोळा वर्षांतील सरासरी रोजगार बनतो आणि वाचण्याजोगा होतो. पण सहाही व्हीआयएफ दशांशापर्यंत तेच राहिले, कारण सरासरी वजा केल्याने दोन चलांमधील नाते बदलत नाही. एखादा चल आणि त्याचाच वर्ग, किंवा दोन चल आणि त्यांचा गुणाकार, प्रतिमानात असतील तेव्हा या युक्तीचा उपयोग होतो. इथे तसे काही नव्हते.

दुसरी सूचना एका विद्यार्थिनीने केली. "मॅडम, जीएनपीचा व्हीआयएफ सर्वांत मोठा आहे, तर आधी तोच काढूया ना?" मी तिला विचारले, "काढ, पण मग रोजगारावर उत्पन्नाचा काय परिणाम होतो हे तू कोणत्या आकड्यावरून सांगणार?" व्हीआयएफच्या उतरत्या क्रमाने चल काढत जाणे ही यांत्रिक रीत आहे आणि प्रत्येक चल काढल्यावर उरलेल्यांचे व्हीआयएफ नव्याने काढावे लागतात, कारण ते सगळेच बदलतात. त्याआधी ठरवायचे असते ते हे, की आपल्याला कोणत्या गुणांकाची गरज आहे आणि कोणता चल केवळ पार्श्वभूमी म्हणून ठेवलेला आहे.

आम्ही ठरवले की बेकारी आणि सैन्य यांचे गुणांक हवेत, आणि सर्वसाधारण वाढीचा परिणाम बाजूला काढायला एक चल पुरेसा आहे. त्यासाठी वर्ष ठेवले आणि डिफ्लेटर, जीएनपी व लोकसंख्या वगळली.

```r
m3 <- lm(Employed ~ Unemployed + Armed.Forces + Year, data = longley)
```

व्हीआयएफ अनुक्रमे ३.३, २.२ आणि ३.९ वर उतरले. R² ०.९९२८ राहिला, म्हणजे तीन चल काढूनही जवळजवळ काही गमावले नाही, आणि वगळलेल्या तिघांच्या एकत्रित परिणामाची एफ-कसोटी सुमारे १.७५ आली, जिचे पी-मूल्य ०.२ च्या वर आहे. वर्षाचा गुणांक ०.९५६ झाला आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.४५५५ वरून ०.०३५५ वर आली. बेकारीचा गुणांक उणे ०.०२०२ होता तो उणे ०.०१४७ झाला, आणि त्याची त्रुटी ०.००४९ वरून ०.००१७. बेकार दहा हजारांच्या एककात असल्यामुळे याचा अर्थ असा की बेकारी दहा हजारांनी वाढली की नोकरीतील लोक सुमारे १४,७०० नी कमी दिसतात. सैन्याचा गुणांक उणे ०.०१०३ वरून उणे ०.००७७ वर सरकला.

या नीटनेटक्या तक्त्याची किंमत मी तितक्याच स्पष्टपणे फळ्यावर लिहिली. आता वर्षाचा ०.९५६ हा केवळ काळाचा परिणाम नाही. त्यात उत्पन्नवाढ, लोकसंख्यावाढ आणि किमतींची वाढ अशा तिन्ही गोष्टी मिसळलेल्या आहेत, आणि त्यांना एकमेकांपासून वेगळे करण्याचा प्रयत्नच आपण सोडून दिला आहे. वगळलेले चल रोजगारावर खरोखर परिणाम करत असतील, तर उरलेल्या गुणांकांत त्यांचा वाटा पूर्वग्रह म्हणून येतो, आणि बेकारीच्या गुणांकात झालेल्या बदलात असा काही भाग असू शकतो. एफ-कसोटी अर्थपूर्ण आली नाही यावरून तो नाहीच, असे सोळा ओळींच्या बळावर म्हणता येत नाही.

चल एकत्र करण्याचा मार्ग मला काढण्यापेक्षा अधिक सयुक्तिक वाटतो, जिथे विषयाचे ज्ञान तो सुचवते तिथे. जीएनपीला डिफ्लेटरने भागले तर किमतींची वाढ वजा जाऊन खरे उत्पादन मिळते. हा डिफ्लेटर १९५४ ला १०० धरतो, त्यामुळे १९४७ चे २३४.३ अब्ज त्या वर्षाच्या किमतींत २८२.३ अब्ज होतात आणि १९६२ चे ५५४.९ अब्ज ४७४.७ होतात. दोन चलांच्या जागी एक आला आणि त्याचा अर्थ दोघांपेक्षाही स्पष्ट आहे. तरीही खरे उत्पादन आणि लोकसंख्या दोन्ही काळाबरोबर चढतच राहतात, त्यामुळे याने अडचण कमी होते, पण नाहीशी होत नाही. नुसते जीएनपी आणि लोकसंख्या हे दोनच चल ठेवले तरी त्यांचा व्हीआयएफ ५६ येतो.

शेवटी रिज समाश्रयण करून पाहिले, जे होर्ल आणि केनार्ड यांनी १९७० मध्ये मांडले. यात कोणताही चल काढत नाहीत. k नावाच्या एका लहान आकड्याच्या प्रमाणात सर्व गुणांक शून्याकडे ओढले जातात, म्हणजे थोडा पूर्वग्रह पत्करून प्रचरण बरेच कमी केले जाते. k शून्यापासून वाढवत नेल्यावर जीएनपीचा गुणांक झपाट्याने वर सरकला आणि k ०.०२ च्या आसपास पोहोचेपर्यंत धन झाला. वर्गाला ते पाहून हायसे वाटले, पण हे चिन्ह आकड्यांनी सिद्ध केले असे म्हणणे योग्य नाही. पुरावा अपुरा असलेल्या दिशेत रिजने गुणांकांना आवर घातला, एवढाच त्याचा अर्थ. रोजगाराचा अंदाज हवा असेल आणि पुढेही हे चल आजवरसारखेच एकत्र वाढणार असतील तर रिज चांगले काम करते. खरे तर तेवढ्यापुरते मूळ सहा चलांचे प्रतिमानही चालते, कारण बहुसंरेखतेने वैयक्तिक गुणांक बिघडतात, त्याच पट्ट्यातील अंदाज फारसे बिघडत नाहीत.

प्रात्यक्षिकाच्या वहीत आम्ही तीन चलांचे प्रतिमान उत्तर म्हणून लिहिले, त्याखाली सहाही चलांचा मूळ तक्ता व्हीआयएफसह जोडला, आणि त्यापुढे हे वाक्य लिहिले: १९४७ ते १९६२ या काळात उत्पन्न, किमती आणि लोकसंख्या या तिघांचा रोजगारावरील परिणाम या सोळा नोंदींवरून वेगवेगळा सांगता येत नाही, तो सांगायचा असेल तर या तीन गोष्टी निरनिराळ्या गतीने बदलल्या अशा काळाचे किंवा प्रदेशांचे आकडे लागतील.